शिल्लक तीस हजारांची, तारीख जानेवारीची

मंडळी, आजचा विषय सरासरी देय तारीख आणि दोन व्यापाऱ्यांमधल्या चालू खात्यावरचं व्याज. सगळी शिल्लक ज्या एकाच दिवशी देय होती असं धरलं तरी व्याज तेवढंच येतं, तो दिवस म्हणजे सरासरी देय तारीख. एकाच बाजूने उधारी असेल तर हे गणित कुणीही करतं. माल दोन्ही बाजूंनी जात-येत असला की भलेभले मुनीम अडखळतात. म्हणून आज फक्त त्या दुहेरी व्यवहाराबद्दल बोलतो, आणि तेही एकच खातं समोर ठेवून.

भवानी पेठेत प्लायवूडचं दुकान आहे आणि रविवार पेठेत हार्डवेअरचं, असं धरू. हार्डवेअरवाले गिऱ्हाइकांसाठी प्लाय उचलतात. प्लायवूडवाल्यांना बिजागऱ्या, स्क्रू, ड्रॉवरचे चॅनेल लागतात, ते रविवार पेठेतून येतात. मुदतीनंतर दोघांनीही एकमेकांना वार्षिक १२ टक्के व्याज द्यायचं, असं ठरलेलं आहे. हिशेब ३० जून २०२५ ला मिटवायचा आहे.

हार्डवेअरवाल्यांकडून येणं दोन बिलांचं: ८०,००० रुपये १० एप्रिलला देय आणि ६०,००० रुपये १५ मेला देय. प्लायवूडवाल्यांकडून जाणं असं: ५०,००० रुपये २५ एप्रिलला आणि ६०,००० रुपये ९ जूनला. येणं १,४०,०००, देणं १,१०,०००. शिल्लक ३०,००० रुपये, हार्डवेअरवाल्यांकडून येणं.

इथे एक गोष्ट आधी नीट पाहा. मी बिलाच्या तारखा सांगितल्या नाहीत, देय तारखा सांगितल्या. माल १० मार्चला गेला आणि महिन्याची उधारी असेल तर व्याजाच्या हिशेबात तो १० एप्रिललाच येतो. रोख रक्कम दिली असेल तर दिल्याचा दिवस हीच तिची तारीख. हुंडी असेल तर मुदतीवर तीन दिवसांची सवलत धरायची, ती १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यातच आहे. साध्या बिलाला ती सवलत नाही. पुष्कळ खात्यांमध्ये चूक इथेच शिरते, आणि पुढचा गुणाकार कितीही अचूक केला तरी ती निघत नाही.

आता सरासरी काढू. एक आधार तारीख घ्यायची. कुठलीही चालते, पण सगळ्यात आधीची देय तारीख घेतली की आकडे लहान राहतात, म्हणून १० एप्रिल. त्या तारखेपासून प्रत्येक देय तारखेपर्यंतचे दिवस मोजायचे आणि रकमेने गुणायचे. दिवस मोजताना दोन टोकांपैकी एकच धरायचं. १० एप्रिलपासून १५ मे म्हणजे एप्रिलचे २० आणि मेचे १५, एकूण ३५.

येण्याच्या बाजूला ८०,००० ला शून्य दिवस, गुणाकार शून्य. ६०,००० गुणिले ३५ म्हणजे २१,००,०००. देण्याच्या बाजूला ५०,००० गुणिले १५ म्हणजे ७,५०,००० आणि ६०,००० गुणिले ६० म्हणजे ३६,००,०००, मिळून ४३,५०,०००. आता येण्याच्या गुणाकारातून देण्याचा वजा करा: २१,००,००० वजा ४३,५०,०००, उत्तर उणे २२,५०,०००. त्याला शिल्लक ३०,००० ने भागा. उणे ७५ दिवस.

उणे आलं की माणूस घाबरतो, चिन्ह उलटं करतो आणि १० एप्रिलच्या पुढे ७५ दिवस मोजून २४ जून लिहून मोकळा होतो. तसं करायचं नाही. उणे म्हणजे मागे. १० एप्रिलच्या ७५ दिवस मागे गेलो की २५ जानेवारी २०२५ येते. पहिलं बिल देय व्हायच्या कितीतरी आधीची तारीख! ही चूक नव्हे. हार्डवेअरवाल्यांकडचं मोठं येणं लवकर थकलं होतं आणि त्यांचा माल वळता झाला तो उशिरा. मधल्या काळात प्लायवूडवाल्यांचे फक्त तीस हजार अडकले नव्हते, कधी ऐंशी, तर कधी नव्वद हजार अडकले होते. त्या सगळ्या दिवसांचा भार शेवटी उरलेल्या तीस हजारांवर टाकला, म्हणून तारीख इतकी मागे गेली. २५ जानेवारीपासून ३० जूनपर्यंत १५६ दिवस. ३०,००० वर १२ टक्क्यांनी त्याचं व्याज १,५३९ रुपये.

यावर विश्वास बसत नसेल तर, आणि बसू नयेच, तेच खातं चालू खात्याच्या पद्धतीने मांडा. आता दिवस मोजायचे ते प्रत्येक देय तारखेपासून ३० जूनपर्यंत. नावे बाजूला ८०,००० ला ८१ दिवस, ६०,००० ला ४६ दिवस, गुणाकारांची बेरीज ९२,४०,०००. जमा बाजूला ५०,००० ला ६६ दिवस, ६०,००० ला २१ दिवस, बेरीज ४५,६०,०००. फरक ४६,८०,०००. त्याला १२ ने गुणून ३६,५०० ने भागलं की १,५३८ रुपये ६३ पैसे, म्हणजे तेच १,५३९. दोन वाटांनी एकच आकडा आला नाही, तर दिवस मोजण्यात चूक आहे. एप्रिल, जूनचे ३० आणि मेचे ३१ हे आधी तपासा.

शेवटच्या व्यवहारापासून शिल्लकेवर व्याज धरणारेही असतात. ९ जूनपासून २१ दिवस, व्याज २०७ रुपये. प्लायवूडवाल्यांचं तेराशेच्या वर नुकसान, आणि कागदावर काही खटकतही नाही.

आता याच्याही पुढची गोष्ट. समजा १५ मेचं बिल ६०,००० ऐवजी ३०,००० चं होतं. येणं १,१०,०००, देणं १,१०,०००, शिल्लक शून्य. भागायचं कशाने? सरासरी तारीख निघतच नाही. पण गुणाकारांचा फरक ३३,००,००० तसाच उभा आहे, आणि त्याचं व्याज १,०८५ रुपये होतं. फिटंफाट झाली म्हणून व्याज फिटत नाही. शिल्लक शून्य नसली तरी अगदी लहान असली की तारीख दोन-तीन वर्षं मागे किंवा पुढे फेकली जाते. अशा खात्यात तारखेचा नाद सोडावा आणि गुणाकारांवरूनच व्याज काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांचे व्याजदर वेगळे असतील तेव्हाही तेच, कारण सरासरी तारीख एकच दर गृहीत धरते.

मग तारीख काढायची कधी? शिल्लक भरघोस आहे, दर एकच आहे आणि पैसे नक्की कधी मिळणार ते ठरलेलं नाही, तेव्हा. एकदा २५ जानेवारी दोघांनी मान्य केली की पैसे जुलैत येवोत की दिवाळीत, पुन्हा खातं उकलावं लागत नाही. तीस हजार, त्या तारखेपासूनचे दिवस, संपलं.

उरली लाल शाई. समजा २० जूनला ४०,००० चा आणखी प्लाय गेला, महिन्याच्या उधारीवर. तो २० जुलैला देय, म्हणजे खातं बंद झाल्यावर २० दिवसांनी. रक्कम नावे बाजूला येणारच, पण तिचा गुणाकार ८,००,००० त्या बाजूच्या बेरजेतून वजा होतो. पूर्वी तो लाल शाईने लिहीत, म्हणून त्याला लाल शाईचं व्याज म्हणतात. आता शिल्लक ७०,००० होते, पण व्याज २६३ रुपयांनी कमी होऊन १,२७६ वर येतं. हिशेब ३० जूनलाच मिटवला तर हार्डवेअरवाले ते चाळीस हजार वीस दिवस आधी देतात, त्याचा हा मोबदला. संगणकावर खातं मांडणाऱ्यांनी दिवसांच्या रकान्यात इथे उणे २० येऊ द्यावेत, शून्य करू नयेत.

खातेउतारा पाठवताना रक्कम, देय तारीख, दिवस आणि गुणाकार हे चारही रकाने ठेवा, नुसती व्याजाची ओळ टाकू नका. समोरच्याला एखाद्या बिलाची देय तारीखच मान्य नसेल, तर तो नेमकं त्या ओळीवर बोट ठेवू शकतो, आणि तेवढी एक ओळ बदलली की नवा आकडा लगेच हाती येतो.