राजीनाम्याच्या पत्रातले अपूर्ण शॉट

नमस्कार. इथे नाशिकमध्ये ॲनिमेशन शिकून पहिल्या नोकरीत वर्ष-दोन वर्षे काढलेली बरीच मंडळी समोर बसली आहेत आणि त्यांतल्या काहींच्या मनात फ्रीलान्सचा विचार घोळतो आहे, म्हणून आज मी फक्त एका पत्राविषयी बोलणार आहे. ते माझ्या हाताखालच्या एका कनिष्ठ ॲनिमेटरने मला दिले होते. त्याची परवानगी घेऊन, पण नाव न घेता सांगतो.

पत्राची सुरुवात तीन वाक्यांची होती: ‘मी कनिष्ठ ॲनिमेटर या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील 30 दिवसांच्या अटीनुसार 30 सप्टेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. यापुढे स्वतंत्रपणे काम करण्याचा माझा निर्णय झाला आहे.’ पगाराची तक्रार नाही आणि पुढे कोणाचे काम मिळाले आहे याचाही उल्लेख नाही. हे पत्र पुढे मनुष्यबळ विभागाच्या फाइलीत राहते, त्यामुळे तिथे लिहिलेला राग आपला उरत नाही.

खरा मजकूर त्याच्या पुढे होता. त्याच्याकडे पाच शॉट चालू होते. त्यांपैकी तीन पॉलिशमध्ये होते. ते मीच पूर्ण करून देतो, असे त्याने लिहिले. पाचवा शॉट ब्लॉकिंगमध्ये होता, म्हणजे मुख्य पोझ आणि त्यांच्या वेळा तेवढ्या ठरलेल्या होत्या. तो दुसऱ्याला द्यावा, असे त्याने सुचवले. ही वाटणी अचूक होती. ब्लॉकिंगमधला शॉट घेणाऱ्याला कलाकाराचा हेतू पोझमधून सरळ वाचता येतो. पॉलिशमध्ये मात्र प्रत्येक नियंत्रकावर पहिल्या माणसाच्या सवयीचे वक्र साचलेले असतात आणि ते उलगडत बसण्यापेक्षा पुन्हा ॲनिमेट करणे अनेकदा स्वस्त पडते.

प्रश्न चौथ्याचा होता. शॉट 040, 96 फ्रेम, म्हणजे 24 फ्रेमच्या वेगाने बरोबर चार सेकंद. फ्रेम 1001 ते 1096. आजी नातवाच्या हातात पाण्याची कळशी देते. ब्लॉकिंग मंजूर झाले होते आणि स्प्लाइनचे काम अर्ध्यावर होते. अशा टप्प्यावर शॉट हातातून जाणे सर्वांत वाईट, कारण ठाशीव पोझ विरघळलेल्या असतात आणि नवी लय अजून बसलेली नसते. त्याने या शॉटसाठी जोडपत्रात एक परिच्छेद लिहिला, तो असा:

‘अद्ययावत फाइल `sh040_anim_v012.ma` ही आहे. मंजूर ब्लॉकिंग v007 मध्ये आहे; शंका आल्यास पोझ तिथून पाहाव्यात. कळशी 1047 पर्यंत आजीच्या हाताला आणि 1048 पासून नातवाच्या हाताला कन्स्ट्रेंटने बांधलेली आहे. नातवाच्या हाताची वेळ हलवल्यास कन्स्ट्रेंटच्या कीसुद्धा तेवढ्याच हलवाव्यात. कमरेपर्यंतचे स्प्लाइन झाले आहे, हात व बोटे बाकी आहेत. दिग्दर्शकांची कळशीच्या वजनाविषयीची सूचना अजून अमलात आणलेली नाही.’

‘तेवढ्याच हलवाव्यात’ हे वाक्य नसते तर काय झाले असते ते सांगतो. नवा ॲनिमेटर हात तीन फ्रेम उशिरा आणतो, कन्स्ट्रेंट तसाच राहतो आणि कळशी अजून न पोहोचलेल्या हाताच्या मालकीची होते: हवेत उडी मारते किंवा बोटांपासून अंतर ठेवून तरंगते. पूर्ण वेगाने पाहताना हे निसटते. 1047च्या आसपास एकेक फ्रेम पुढे नेली की लगेच दिसते. आणि दिग्दर्शकांची न सांगितलेली सूचना तर त्याहून महाग, कारण ती फाइलमध्ये कुठेच नसते. ती फक्त त्याच्या वहीत होती.

एक गोष्ट मात्र पत्रात सुटली होती. कळशीचे मॉडेल त्याने रेफरन्स न करता दृश्यात थेट इम्पोर्ट केले होते. मॉडेलिंग विभागाने नंतर कळशीचा गळा बारीक केला, तो बदल बाकी शॉटमध्ये आपोआप आला, पण 040 मध्ये आला नाही. पुढच्या शॉटशी जोडून पाहिले तेव्हा कटच्या क्षणी कळशी जाडीची बारीक झाली. तेव्हापासून मी सोपवणीत आधी रेफरन्स एडिटर उघडायला लावतो.

पत्राच्या शेवटी त्याने शॉट प्रदर्शित झाल्यावर शोरीलमध्ये वापरण्याची लेखी परवानगी मागितली. हे शहाणपणाचे होते, कारण 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक मालकपक्षच असतो. परवानगी मिळाली, ती प्रदर्शनानंतरची आणि फक्त त्याच्या शॉटपुरती. 040 त्यात नव्हता. तो शेवटी दुसऱ्याने पूर्ण केला होता, आणि त्याने तो मागितलाही नाही.