डब्यावर काय लिहायचं?

(गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात, मसाले करणाऱ्या बचत गटांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. मला साडेसहाची एसटी गाठायची आहे, त्यामुळे मी वेळेत संपवेन असं अध्यक्षांनी तुम्हाला सांगितलंय. ते मला ओळखत नाहीत.

मी तीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा, सलून, होडीवरची नावं, आणि आता लेबलं. त्यामुळे नाव म्हटलं की मी आधी ते कुठे नि केवढं बसेल ते बघतो, अर्थ मागाहून. आजचा विषय आहे परदेशातल्या घरांसाठी तयार गोडा मसाला आणि त्याचं नाव. एक प्रश्न विचारतो. घरात तुम्ही या मसाल्याला काय म्हणता? (मागून आवाज : 'मसाला'.) बरोबर. 'आमटीत मसाला घाल गं.' तिखट वेगळं, हळद वेगळी, आणि हा नुसता मसाला. घरात त्याला नावच लागत नाही. तो वेशीबाहेर निघाला की नाव लागतं, आणि तिथेच आपण घसरतो. माझी वहिनी कशी घसरली ते सांगतो. लेबल मीच केलं होतं, म्हणजे दोष निम्मा माझा.

वहिनीचा मसाला चांगला. किलोभर धण्यांना पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो तीळ, मग जिरं, शहाजिरं, दालचिनी, लवंग, नागकेशर, तमालपत्र, खसखस, हिंग. आणि दगडफूल. ते कमी पडलं तर सगळं व्यर्थ, कारण आमटीला उकळी फुटली की जो वास ओटीपर्यंत येतो, त्यात दगडफुलाचा वाटा मोठा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तीळ तडतडले की उतरायचे, खोबरं बदामी झालं की थांबायचं. काळं पडलं तर मसाला कडवट होतो. मग सगळं गार करून डंकावर.

तर तिच्या भाच्याच्या ओळखीने दुबईतल्या एका दुकानात चाळीस पाकिटं गेली. लेबलवर मी झोकदार अक्षरात 'गोडा मसाला' काढलं. छापणारा म्हणाला, खाली इंग्रजी हवं. मी म्हटलं, घाल. त्याने 'स्वीट मसाला' घातलं. मीही बघितलं आणि मान डोलावली. गोड म्हणजे स्वीट, यात चुकलं काय?

दुकानदार केरळचा. त्याने 'स्वीट' वाचलं आणि पाकिटं चहा मसाल्याशेजारी, खिरीच्या पाकिटांच्या वर मांडली. एका बाईंनी ती चहात घातली. (हशा.) हसताय काय, हिंग होता त्यात! त्यांनी तक्रार केली की चहाला आमटीचा वास येतो. म्हणजे मसाला उत्तमच होता. पण पाकिटं परत आली, आणि तोवर त्यांना खवट वास लागला होता. खोबऱ्याचं तेल आणि तिळाचं तेल, उन्हातल्या गोदामात दुसरं काय होणार? पाकीट उघडल्यावर नाकाला जुन्या तेलाचा वास आला, की कितीही भाजलेला असो, तो मसाला संपला.

गोडा मसाला गोड नसतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तो तिखट नाही म्हणून गोडा. गोडं तेल, गोडं पाणी म्हणतो तसा. हा 'गोडा' भाषांतरात मरतो. आणि रोमन लिपीत तर जी-ओ-डी-ए लिहिलं की उत्तरेकडचा माणूस 'घोडा मसाला' वाचतो, दक्षिणेकडचा 'गोदा'. म्हणून माझा हट्ट असा, की नाव ठरवलं की ते रोमनमध्ये लिहून आपल्या भाषेच्या नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यायचं. तो जे वाचेल तेच तुमचं नाव.

मग पुढे आले सल्लागार. एक म्हणाला, 'काळा मसाला' लिहा, पुण्याकडे तेच म्हणतात. म्हणतात खरं. पण घाट चढून सोलापूरकडे गेलात की काळा मसाला म्हणजे जाळ. तिकडच्या घरातली सून परदेशात हौसेने पाकीट फोडेल आणि म्हणेल, हे काय मिळमिळीत! दुसरा म्हणाला, कोकण म्हणजे 'मालवणी' लिहा, खपेल. अहो, मालवणी मसाला मिरचीचा, माशाच्या कालवणाचा, मटणाचा. तो शब्द वाचून कोणी बांगड्याच्या कालवणात आपला दगडफुलाचा मसाला घातला तर? तिसरा म्हणाला 'तयार' ठळक लिहा. लिहिलं असतं तर लोकांनी नुसतं गरम पाणी ओतून आमटीची वाट बघितली असती.

मला स्वतःला एक नाव फार आवडलं होतं : पळीवाढी. आमटी पळीवाढी असावी म्हणतो ना, तेच. नाव वाचलं की पातेलं डोळ्यांसमोर. रात्री दीड वाजता सुचलं, वहिनीला फोन केला, शिव्या खाल्ल्या. सकाळी रोमनमध्ये काढून शेजारच्या पोराला वाचायला दिलं. तो म्हणाला, 'काका, पाली वाढी?' मसाल्याच्या पाकिटावर पाल! संपला विषय. (अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो हो. एसटी थांबेल, ड्रायव्हर ओळखीचा आहे.

आता मुद्द्याचं, भरभर. 'गोडा मसाला' हे शब्द कुणाच्या मालकीचे होत नाहीत. ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 9. जे नाव फक्त मालाचा प्रकार, गुण किंवा गाव सांगतं, त्याची नोंदणी सहसा मिळत नाही. म्हणून 'अस्सल कोकणी गोडा' यावर पैसे घालवू नका. वेगळा असा एक शब्द तुमचा हवा, आणि खाली लहान अक्षरात 'गोडा मसाला' हवाच, कारण शोधणारा तोच शब्द शोधतो. मसाले वर्ग 30 मध्ये येतात. शब्द ठरवण्याआधी त्या वर्गात तो कुणी घेतलाय का ते नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघायचं.

भाषांतर करायचंच तर शब्दाचं नको, कामाचं करा : 'डाळ आणि भाज्यांसाठी भाजलेला मसाला, साखर नाही.' एवढं असतं तर ती पाकिटं डाळींशेजारी लागली असती. त्याखाली प्रमाण : वाटीभर तुरीच्या डाळीला दीड चमचा, आमसूल आणि गुळाबरोबर, उकळी येताना. फोडणीत घातला तर करपतो.

दुबईला पाठवणार असाल तर खसखस काढा, तिथे ती बंद आहे. वहिनीची पाकिटं कशी पोचली ते मला विचारू नका. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा ॲलर्जीचा पदार्थ म्हणून लेबलवर स्पष्ट सांगावा लागतो. आणि बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही लिहा. हे सगळं पाकिटाच्या मागे बसतं, म्हणून पुढचं नाव लहान हवं.

वहिनीने शेवटी 'ओटी' धरलंय. घराचीही ओटी, आणि लेक निघताना भरतात तीही. शेजारच्या पोराने बरोबर वाचलं. फक्त विचारलं, 'काका, ऑपरेशन थिएटर का?' वर्ग 30 मध्ये अजून शोधायचंय. घेतलेलं निघालं तर पुन्हा रात्री दीड. वहिनीने फोन बंद ठेवायचं कबूल केलंय.

आली वाटतं एसटी. हॉर्न त्याचाच.