वार आधी आईचं रक्त अडवते, मग वाट मोकळी करते

नमस्कार. आज वारेबद्दल बोलू या, म्हणजे प्लासेंटाबद्दल. आईचं रक्त वारेतून बाळाच्या अंगात जातं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उलट सुरुवातीचे कितीतरी आठवडे वार आईचं रक्त स्वतःपर्यंतसुद्धा फारसं पोचू देत नाही. असं का, तेच आज समजून घेऊ.

फलन झाल्यावर साधारण सहाव्या दिवशी पेशींचा एक बारीकसा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. त्याच्या आतल्या मूठभर पेशींचं पुढे बाळ होतं आणि बाहेरच्या थराची वार होते. त्या थराचं नाव ट्रोफोब्लास्ट. म्हणजे वार हा आईचा अवयव नाही. ती बाळाच्याच बाजूची, त्याच फलित बीजातून आलेली असते. हाच थर एचसीजी नावाचं हार्मोन सोडतो आणि घरच्या लघवीच्या टेस्टवर दोन रेघा उमटतात त्या त्यामुळेच.

(पडद्यावर: अस्तरात शिरणारे अंकुर)

आता हा थर अस्तरात शिरतो आणि त्याला मुळांसारखे फाटे फुटत जातात. या फाट्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या तयार होतात. बाहेरून एक सलग आवरण असतं, ज्यात दोन पेशींमध्ये भिंतच नसते. पुढे आईचं रक्त या आवरणाच्या बाहेरून खेळतं आणि बाळाचं आतून. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, देवाणघेवाण होते ती मधल्या पातळ पडद्यातून.

पण हे लगेच सुरू होत नाही. गर्भाशयाच्या भिंतीत आईच्या नागमोडी धमन्या असतात, स्पायरल आर्टरीज. ट्रोफोब्लास्टच्या काही पेशी थेट त्यांच्या तोंडाशी जाऊन बूच बसवतात. रक्तातला पातळ द्रव थोडाफार झिरपतो, लाल पेशी जवळजवळ अडतात. मग बाळाचं पोषण कुठून होतं? गर्भाशयाच्या ग्रंथींमधून पाझरणाऱ्या रसातून. या काळात बाळाचे अवयव घडत असतात आणि जास्त ऑक्सिजनचा मारा झेलायची त्या कोवळ्या पेशींची तयारी नसते. कमी ऑक्सिजन ही इथे उणीव नाही, ते संरक्षण आहे. गर्भपात झालेल्या बऱ्याच गर्भधारणांमध्ये हा प्रवाह वेळेआधीच सुरू झालेला आढळला आहे.

शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही बुचं सुटू लागतात. वारेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन-तीन पटींनी वाढतं. तोवर गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवायचं कामही बीजकोशाकडून वारेकडे आलेलं असतं. ऑक्सिजन, ग्लुकोज, अमिनो आम्लं आत येतात. कार्बन डायऑक्साइड आणि युरिया बाहेर जातात. आईची प्रतिपिंडंही पोचतात, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. मात्र दारू आणि निकोटीनही याच पडद्यातून पार जातात, त्यांना वार अडवू शकत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. बूच बसवणाऱ्या पेशी नुसतं बूच बसवून थांबत नाहीत. त्या धमन्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि धमनीचं तोंड चांगलं रुंद होतं. त्यामुळे दिवस भरेपर्यंत मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वारेकडे येतं, तेही संथपणे.

हे रुंदीकरण अर्धवट राहिलं तर काय होतं, ते एका उदाहरणात पाहू. एका बाईला तिसावा आठवडा आहे. आधी नॉर्मल असलेलं बीपी आता १५० / १०० आहे, लघवीत प्रोटीन आहे आणि सोनोग्राफीत बाळ आठवड्यांच्या मानाने लहान दिसतंय. अरुंद तोंडातून रक्त जोराने आणि तुटक येतं, व्हिलाय दुखावतात. दुखावलेली वार काही प्रथिनं आईच्या रक्तात सोडते आणि ती आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतात. हा प्रीएक्लॅम्प्सिया. तो दिसतो विसाव्या आठवड्यानंतर, पण बऱ्याचदा त्याचं मूळ पहिल्या काही महिन्यांत असतं. तिने काहीतरी चुकीचं खाल्लं किंवा जास्त काम केलं म्हणून धमन्या अरुंद राहिल्या, असं मुळीच नाही.

म्हणूनच ज्यांना हा त्रास आधीच्या खेपेला झालाय किंवा ज्यांना आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा आजार आहे, त्यांना डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आतच सुरू करतात. ती मनाने घ्यायची नाही. आणि विसाव्या आठवड्यानंतर, अगदी बाळंतपण झाल्यावरही, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधुक होणं किंवा ठिणग्या दिसणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहरा अचानक सुजणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी जाऊन बीपी मोजून घ्या.