लकव्याचं पोस्टर: ‘चहा वा’ लक्षात ठेवा, पण पेशंटला चहा पाजू नका

(पोस्टर कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. हे पोस्टर बघा. छान रंगीत आहे, मेंदूचं चित्र आहे आणि वर मोठ्या अक्षरात ‘स्ट्रोक ओळखा’ असं लिहिलंय. आमच्याकडच्या एका आजींना मी विचारलं, स्ट्रोक म्हणजे काय हो? म्हणाल्या, “ते क्रिकेटमधलं ना?”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून आज हे पोस्टर आपण नव्यानं लिहू या, एकेक ओळ करत. गावात, सोसायटीत, दूध डेअरीच्या भिंतीवर लावता येईल असं.

पहिली ओळ, म्हणजे नाव. ‘लकवा’ लिहा, शेजारी ‘पक्षाघात’ लिहा आणि खाली ‘अंगावरून वारं जाणं’ हेही लिहा. लोक घरात जे बोलतात, तेच भिंतीवर दिसलं पाहिजे. फक्त एक गैरसमज काढायचा: यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त पोचवणारी नळी गुठळीनं बंद होते, किंवा फुटते. बंद होण्याचे प्रकार फुटण्यापेक्षा बरेच जास्त.

आता खुणा. इंग्रजीत यासाठी ‘फास्ट’ हा शब्द आहे, पण त्यातली अक्षरं मराठीत आणली की कुणालाच काही आठवत नाही. मी माझी एक युक्ती केलीये. चेहऱ्याचा च, हाताचा हा, वाचेचा वा. चहा वा!

च. चेहरा. पोस्टरवर ‘हसायला सांगा’ असं लिहू नका. घाबरलेला माणूस कशाला हसेल? “दात दाखव” म्हणायचं. दात नसतील तर “ईऽऽ कर” म्हणायचं. ओठाचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा तिथंच लटकून राहतो, कधी त्या बाजूनं लाळही गळते. तोंड वाकडं होण्याचे साधे आजारही असतात, पण ते ओळखणं डॉक्टरांचं काम आहे, शेजाऱ्याचं नाही.

हा. हात. इथं बहुतेक पोस्टर चुकतात. चित्रात एक हात पूर्ण खाली पडलेला दाखवतात. मग घरचे म्हणतात, “आईचा हात हलतोय की, काही नाही झालेलं.” प्रत्यक्षात हात हलत असतो, पण ताकद गेलेली असते. दोन्ही हात समोर खांद्याइतके उचलायला लावा. तळवे वर, डोळे मिटलेले. तुम्ही एक ते दहा मोजा. (हात पुढे करून) बघा, एक हात असा हळूहळू खाली सरकतो आणि तळवा आत वळतो. डोळे मिटलेले असल्यानं पेशंटला ते कळतही नाही. चित्र या सरकणाऱ्या हाताचं हवं.

वा. वाचा. एक सोपं वाक्य म्हणून घ्यायचं: “उद्या सकाळी बाजाराला जायचं आहे.” एका ठिकाणी मी ‘कच्चा पापड पक्का पापड’ म्हणायला लावलेलं पाहिलंय. अहो, त्यात आपण सगळेच नापास होऊ! शब्द जड येतात का, भलताच शब्द येतो का, की आपण काय म्हणतोय तेच त्यांना कळत नाहीये, एवढं बघायचं.

आणि याच्या खाली जाड अक्षरात: “तिन्हींपैकी एक जरी अचानक दिसलं तरी निघा.” लोक तिन्ही खुणा जुळायची वाट बघत बसतात. बारीक अक्षरात आणखी एक ओळ द्या: अचानक तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं. मेंदूच्या मागच्या भागातला लकवा ‘चहा वा’मध्ये सापडेलच असं नाही.

आता निघायचं कसं आणि कुठं. इथं मी एका बाईंची गोष्ट सांगते. खरं तर चार-पाच पेशंटच्या हकिकती एकत्र केल्यात.

वय ५८. सकाळी ६:४० ला पोळ्या लाटताना हातातलं लाटणं पडलं. उचललं, परत पडलं. सुनेनं हात चोळला, गोड चहा पाजला. त्यांना ठसका लागला, कारण गिळण्याचे स्नायूही ढिले पडले होते. असा चहा फुफ्फुसात उतरतो. म्हणून पोस्टरवर ‘तोंडातून काहीही नाही’, पाणीसुद्धा नाही. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. मुलगा शेतातून येईपर्यंत ७:३० झाले. ८:१५ ला तालुक्याच्या दवाखान्यात. तिथं सीटी स्कॅन नव्हतं, पुढं पाठवलं. गाडी मिळून जिल्ह्याला पोचेपर्यंत १०:३०. स्कॅन होऊन रिपोर्ट हातात आला ११:२० ला.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ६:४० मध्ये साडेचार तास मिळवा. ११:१० होतात. दहा मिनिटं गेली.

आणि स्कॅनशिवाय ते इंजेक्शन देताच येत नाही, कारण नळी फुटलेली असेल तर त्याच औषधानं रक्तस्राव वाढतो. बाहेरून बघून बंद की फुटलेली, हे कुणालाच सांगता येत नाही. घरात असलेली अॅस्पिरिनची गोळी द्यायची नाही ती याचमुळे. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरच्या घरी जास्तीची गोळी देऊन ते पाडायचंही नाही.

म्हणून पोस्टरवर ‘जवळचा दवाखाना’ लिहू नका. ‘सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल’ लिहा. १०८ ला फोन करताना “चक्कर आली” म्हणू नका. “लकव्याची लक्षणं आहेत, ६:४० ला सुरू झाली, सीटी स्कॅन असेल तिथं न्यायचंय,” असं सांगा. अॅम्ब्युलन्सला फार वेळ लागणार असेल तर गावातली चारचाकी काढा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नाही. पेशंट गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, कवळी काढून ठेवा.

वेळेची एक गोम आहे. रात्री १० ला ठणठणीत झोपले आणि सकाळी ६ ला हात उचलेना, तर घड्याळ १० पासून मोजतात, ६ पासून नाही. शेवटचं बरं कधी पाहिलं होतं, ती वेळ हातावर पेनानं लिहा. वेळ उलटून गेली असं वाटलं तरी निघायचंच. मोठी गुठळी तार घालून ओढून काढायची सोय मोठ्या शहरांत असते, आणि निवडक पेशंटमध्ये ती २४ तासांपर्यंतही करतात.

पंधरा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं, तर? तरीही त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आता पोस्टरच्या तळाशी एक रिकामी चौकट ठेवा: हॉस्पिटलचं नाव, फोन, गाडीवाल्याचा नंबर. ती छापखान्यात भरू नका, तुमच्या आशाताईंना बरोबर घेऊन भरा. आणि लिहिण्याआधी त्या हॉस्पिटलला रविवारी रात्री ११ वाजता फोन लावा. दोनच प्रश्न विचारा: “आत्ता सीटी स्कॅन होईल का? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?” पलीकडून “उद्या सकाळी या” असं उत्तर आलं, तर चौकटीत दुसरं नाव लिहा.