ऑयलरने न काढलेलं चित्र

आधी एक कबुली देतो. आयोजकांनी पत्रिकेत विषय ‘आलेख सिद्धांताची ओळख’ असा छापलाय. आलेख म्हटलं की आपल्याला चौकोनी कागद, क्ष-अक्ष, य-अक्ष आठवतात. इथला आलेख तो नव्हे. इथे काही ठिपके असतात आणि काही ठिपके रेघांनी जोडलेले असतात, बस्स. रेघ लांब की आखूड, सरळ की वाकडी, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. मी सरळ ‘ग्राफ’च म्हणणार आहे, शुद्ध मराठीवाल्यांनी तासाभरापुरतं माफ करावं.

सुरुवात पाकिटापासून करू. पेन्सिल न उचलता, कुठलीही रेघ दोनदा न गिरवता पाकीट काढायचा खेळ इथे बसलेल्या प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर खेळलेला आहे. चौकोन, त्यात फुली आणि वर त्रिकोणी झाकण. मी सहावीत असताना, मे महिन्यात, आत्याकडे गेलो होतो. आतेभावाने ते पाकीट एका झटक्यात काढून दाखवलं. मग झाकण पुसलं आणि म्हणाला, “आता नुसता चौकोन आणि फुली. जमलं तर कुल्फी माझ्याकडून.” मला वाटलं, गडी फसला! दोन रेघा कमी झाल्या म्हणजे काम सोपं झालं. दुपारभर बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. आत्याची रद्दी संपली. प्रत्येक वेळी सहापैकी एक रेघ उरायचीच, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की पुढच्या खेपेला जमेल. शेवटी गावी परतताना एस्टीच्या तिकिटावर काढत होतो. जोर पुष्कळ लावला होता, पण गाडी जागची हलत नव्हती.

शाळा सुरू झाल्यावर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “जमत नाही म्हणजे नीट प्रयत्न करत नाहीस.” हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. प्रयत्न करून न जमणं आणि जमणारच नाही हे सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शक्य असते हे मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नाही. कुल्फी अर्थातच मीच दिली.

आता क्योनिग्सबर्ग. तेव्हा प्रशियात, आज रशियात, नाव कालिनिनग्राद. प्रेगेल नावाची नदी गावातून जाते. मध्ये एक बेट, क्नाइपहोफ. बेटाच्या पूर्वेला नदीच्या दोन शाखांमधला आणखी एक भूभाग, लोम्झे. म्हणजे जमिनीचे तुकडे चार: उत्तर काठ, दक्षिण काठ, बेट आणि लोम्झे. पूल सात. बेटावरून उत्तरेला दोन, दक्षिणेला दोन, लोम्झेला एक. लोम्झेवरून उत्तरेला एक, दक्षिणेला एक. नावं मजेदार आहेत. लोहारांचा पूल, हिरवा पूल, मधाचा पूल. आणि एक चक्क लाकडी पूल! (हशा) हसा, हसा. आपल्या लाकडी पुलात लाकूड औषधालाही सापडत नाही, तरी आपण रोज तेच नाव घेतो.

गावकऱ्यांचा प्रश्न असा, की फिरायला निघून सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडता येतील का? कुणाला जमत नव्हतं, पण जमणार नाही असंही कुणी छातीठोक सांगत नव्हतं. थोडक्यात, सगळं गाव माझ्यासारखं तिकिटावर पाकीट काढत होतं.

हा प्रश्न सेंट पीटर्सबर्गला गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरपर्यंत पोचला. डान्झिगच्या एलर नावाच्या गृहस्थांनी त्याला १७३६ साली याबद्दल पत्र लिहिलं. ऑयलरचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्याचा आशय असा, की या उत्तराचा गणिताशी फारसा संबंध नाही, ते नुसत्या विचाराने मिळतं, मग तुम्ही गणितज्ञालाच का विचारता? नव्या शाखेचा पाया ज्याच्या नावावर आपण मांडतो, तोच म्हणत होता की हे आमच्या खात्यातलं काम नव्हे.

आणि आता माझं जुनं दुखणं. कुठलंही पुस्तक उघडा, ऑयलरच्या नावाखाली चार ठिपके आणि सात रेघांचं चित्र असतं. ऑयलरने ते चित्र काढलेलंच नाही! त्याच्या लेखात नदीचा नकाशा आहे, ठिपके नाहीत. ‘ग्राफ’ हा शब्दही या अर्थाने सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८७८ साली वापरला. ऑयलरने काय केलं, तर अक्षरं मोजली. मला ते चित्राहून सुंदर वाटतं, म्हणून ते सावकाश सांगतो.

बेटाला अ म्हणा, उत्तर काठाला ब, दक्षिणेला क, लोम्झेला ड. बेटावरून उत्तरेला गेलात की लिहा अब. तिथून लोम्झेला गेलात की अबड. प्रत्येक पुलामागे एक अक्षर वाढतं. म्हणजे सात पुलांची फेरी आठ अक्षरांत लिहून व्हायला हवी, एकही कमीजास्त नाही. आता बघा, एखाद्या जागेला तीनच पूल असतील तर तिचं अक्षर किती वेळा येईल? तिथून निघालात तर एका पुलाने बाहेर, दुसऱ्याने परत आत, तिसऱ्याने बाहेर. अक्षर दोनदा. बाहेरून आलात तर आत, बाहेर, पुन्हा आत. तरीही दोनदाच. पाच पूल असतील तर तीनदा. कुठून निघालात याने काही फरक पडत नाही, कारण पूल विषम आहेत. बेटाला पाच पूल, म्हणजे अ तीनदा. ब, क, ड प्रत्येकी दोनदा. तीन अधिक सहा, नऊ. जागा आठ अक्षरांचीच. संपलं. एकही फेरी न मारता गावाचा निकाल लागला.

आतेभावाच्या चौकोनातही तेच. चारही कोपऱ्यांवर तीन-तीन रेघा. झाकण चढवलं की वरच्या दोन कोपऱ्यांवर चार-चार होतात, टोकावर दोन, आणि विषम फक्त खालचे दोन उरतात. म्हणून ते पाकीट खालच्या कोपऱ्यातून सुरू केलं तरच जमतं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. खरं तर मुख्य भाग आत्ता सुरू होणार होता. भरभर सांगतो.

विषम जागा दोनहून जास्त असतील तर फेरी अशक्य, हे ऑयलरने दाखवलं. उलट बाजू, म्हणजे विषम जागा नसतील किंवा दोनच असतील तर फेरी नक्की जमते, हे त्याने सांगितलं, पण नीट सिद्ध केलं नाही. ती सिद्धता हिअरहोल्झर या जर्मन गणितज्ञाची, त्याच्या मृत्यूनंतर १८७३ साली छापलेली. सगळ्या जागा सम आणि एकमेकींना जोडलेल्या असतील तर कुठूनही निघा, न वापरलेल्या रेघेने चालत राहा. वाटेत अडकाल ते फक्त सुरुवातीच्याच जागी, कारण दुसऱ्या कुठल्याही सम जागेत शिरलात की बाहेर पडायला रेघ उरलेली असतेच. काही रेघा राहिल्या? तुमच्या वाटेवरच्या एखाद्या जागेला त्यातली एक नक्की चिकटलेली असते. तिथून नवीन फेरा मारा आणि पहिल्या फेऱ्यात ओवून टाका. रेघा संपेपर्यंत हेच. विषम जागा दोन असतील तर त्यांच्यामध्ये एक खोटी रेघ जोडा, फेरा पूर्ण करा आणि ती रेघ काढून घ्या.

फेरी जमतच नसेल तर? घंटागाडीला प्रत्येक रस्त्यावरून जायचंच असतं. मग विषम चौकांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीमधला रस्ता दोनदा धरायचा. जुन्या क्योनिग्सबर्गमध्ये घरी परत यायचं असेल तर दोन पूल दोनदा, एकूण नऊ. जोड्या कशा लावल्या की एकूण अंतर कमीत कमी होईल, हा खरा किचकट प्रश्न, तो राहिला.

एकच सांगतो आणि बसतो. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात सातपैकी दोन पूल गेले. पुढे आणखी दोन पुलांच्या जागी बेटाला दोन्ही काठांशी जोडणारा एकच उंच रस्ता झाला, त्यावरून बेटावर जिन्याने उतरता येतं. नंतर इतरत्र झालेले पूल सोडले, तर हिशेबाला पाच उरतात. आता काठांना दोन-दोन, बेटाला तीन, लोम्झेला तीन. जमतं! बेटावरून उत्तरेला, लाकडी पुलाने लोम्झेला, मधाच्या पुलाने परत बेटावर, तिथून दक्षिणेला, आणि ‘उंच पूल’ असंच नाव असलेल्या दुसऱ्या पुलाने पुन्हा लोम्झेला. मात्र निघायचं एका विषम जागेतून आणि थांबायचं दुसरीत. काठावर राहणाऱ्या माणसाला घरून निघून हे जमत नाही. त्याला आधी बेटावर किंवा लोम्झेवर यावं लागतं, आणि बेटावर आता वस्ती नाही, जुनं कॅथीड्रल आहे आणि त्याला लागून तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टचं थडगं.