ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

मागचे जरा पुढे या, पंख्याच्या आवाजात तिथपर्यंत ऐकू येत नाही. आज मी सहा आठवड्यांत काय काय करायचं ते सांगणार आहे, पण आधी गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते, कारण हा सगळा कोर्स मी त्या प्रसंगावरूनच बांधलाय.

टीवायची एक मुलगी, लोकलमध्ये तिचा फोन गेला. दुसऱ्या दिवशी तिने त्याच नंबरचं सिम परत काढलं, वडिलांच्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि जीमेल उघडायला बसली. पासवर्ड आठवेना, कारण चार वर्षं फोनमध्ये लॉगिन तसंच होतं, पासवर्ड टाकायची वेळच आली नव्हती. मग पासवर्ड विसरलो वर दाबलं तर कोड भलत्याच नंबरवर चाललेला, शेवटचे दोन आकडे 47, आणि तिच्या नंबरात 47 कुठेच नाही. बराच वेळ विचार केल्यावर आठवलं की अकरावीच्या ॲडमिशनच्या वेळी सायबर कॅफेतल्या दादाने तो मेल काढून दिला होता आणि तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता म्हणून मामाचा नंबर टाकलेला. मामाने ते सिम रिचार्ज न करता कधीच सोडून दिलेलं. आम्ही त्या नंबरवर फोन लावला तर कुणी अनोळखी बाई बोलल्या. त्यांची काहीच चूक नाही, बंद झालेला नंबर 90 दिवस बाजूला ठेवतात आणि मग तो दुसऱ्याला मिळू शकतो, तसा तो त्यांना मिळाला होता. पण त्या मुलीच्या मेलची किल्ली आता त्या बाईंच्या पर्समध्ये होती. तो मेल शेवटपर्यंत परत मिळाला नाही, स्कॉलरशिपची सगळी पत्रं, इंटर्नशिपचं बोलणं, फोटो, सगळं त्यात.

म्हणून पहिला आठवडा किल्ल्यांचा. एक वही करा, आणि तिच्यात पासवर्ड एकही लिहायचा नाही, हे पक्कं. पानाच्या मधोमध तुमचा मोबाईल नंबर लिहा, मग मेल, व्हॉट्सॲप, यूपीआय, इन्स्टा, स्कॉलरशिपचं पोर्टल, परीक्षा फॉर्मचं पोर्टल, आणि प्रत्येकापासून एक बाण काढा: हे उघडलं नाही तर कोड कुठे जातो? अंदाजाने बाण काढायचा नाही. लॉगिनच्या पानावर जा, पासवर्ड विसरलो वर दाबा, पुढे काय विचारतं ते बघा. बहुतेक ठिकाणी नंबरचे किंवा मेलचे थोडेच आकडे-अक्षरं दिसतात, तेवढी वहीत उतरवा आणि तिथूनच मागे या. बरीच पोर्टलं मात्र दाबल्या दाबल्या ओटीपी पाठवतात, तर तो तुमच्याच फोनवर आला का ते बघा. नाही आला तर तो कुणाकडे गेला हे शोधणं हाच तुमचा त्या आठवड्याचा अभ्यास. नंबर बदलायचा असेल तर लगेच बदला, कारण गूगलवर रिकव्हरी नंबर बदलला तरी सात दिवसांपर्यंत कोडसाठी जुना नंबर पुढे येऊ शकतो. त्याच बैठकीत sancharsaathi.gov.in वर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पण बघून घ्या, ओळखीचं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच तसं कळवता येतं.

दुसरा आठवडा झेरॉक्सच्या दुकानाचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे. आपण काय करतो, प्रिंट हवी असते, गर्दी असते, दुकानातला कॉम्प्युटर समोर असतो, व्हॉट्सॲप वेबचा क्यूआर स्कॅन करतो, आधारची पीडीएफ डाउनलोड करतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो आणि निघतो. मागे दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप, ते तिथे उघडंच असतं, तुम्ही फोन घेऊन घरी गेलात तरी. दुसरी म्हणजे ती पीडीएफ, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये. पीडीएफला पासवर्ड आहे ना मॅडम, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. अरे पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल! नाव बहुतेक वेळा फाईलच्या नावात तुम्हीच लिहिलेलं असतं, आणि तुम्ही कितवीला आहात यावरून जन्मसाल दोन-तीन प्रयत्नांत निघतं. म्हणून या आठवड्याचं काम असं: फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडा, ओळखीचं नसेल ते लॉगआउट करा, यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते सगळीकडे घेतीलच असं नाही, काही ऑफिसात पूर्ण नंबरच मागतात, पण हॉस्टेलच्या फॉर्मला किंवा कुरियरवाल्याला आधी तेच देऊन बघा. आणि दुकानात जायचंच तर पेनड्राइव्हवर फक्त ती एक फाईल न्या.

तिसऱ्या आठवड्यात ॲपच्या परवानग्या. यात मला फक्त कॉन्टॅक्ट्सबद्दल बोलायचंय, कारण ती परवानगी तुम्ही देता पण नंबर जातात आईचे, मावशीचे, मैत्रिणीचे. झटपट कर्ज देणाऱ्या भामट्या ॲप्सनी याच यादीवरून नातेवाइकांना फोन करून लोकांना छळलंय. परमिशन मॅनेजर उघडा, कॉन्टॅक्ट्स कुणाकुणाला दिलेत ते मोजा, ज्याचं अडत नाही त्याचं काढा.

चौथा आठवडा फोटो आणि लोकेशनचा, छोटाच आहे. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागा नोंदलेली असते, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ती पुसली जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर तशीच जाते. जोडी करून एकमेकांना तोच फोटो दोन्ही पद्धतीने पाठवा आणि डिटेल्स उघडून बघा.

पाचव्या आठवड्यात माणसं. रूममेटला तुमच्या फोनचा पॅटर्न माहीत आहे का, कुणी प्रेमाने पासवर्ड मागितला तर काय म्हणायचं, यावर गोल बसून बोलायचं, वहीत काही लिहायचं नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं ऐकलं तरी चालेल.

सहाव्या आठवड्यात ऑडिट, आणि ते प्रश्नपत्रिकेसारखं नाही. तुमचा फोन मी एक तास टेबलाच्या खणात ठेवणार, समजा तो रात्री दहाला गाडीत गेलाय. हातात वही आणि लॅबमधला कॉम्प्युटर, तोही प्रायव्हेट विंडोमध्ये. आता मेल उघडून दाखवा. ज्याने गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवलेत त्याला पासवर्डनंतर विचारल्या जाणाऱ्या कोडसाठी फोन लागत नाही, पण पासवर्ड आठवायलाच हवा, आणि तो कागद वहीत नको, कारण वही आणि बॅग एकत्रच जातात. मग सिम बंद करायला कुणाला फोन करायचा, यूपीआय थांबवायला बँकेचा कुठला नंबर, हँडसेट ब्लॉक करायला आयएमईआय कुठे लिहिलाय, हे क्रमाने सांगा. आयएमईआय *#06# दाबून आजच उतरवून घ्या, फोन गेल्यावर तो दाबता येत नाही. जिथे अडाल तिथे वहीत लाल पेनाने खूण करा. मार्क मी त्या लाल खुणांना देणार आहे, म्हणजे खूण खरी आहे का आणि पुढच्या आठ दिवसांत तिच्यापुढे दुरुस्तीची तारीख पडली का, त्याला. ज्याच्या वहीत एकही लाल खूण नाही त्याच्याजवळ बसून मी पहिल्या पानावरचे बाण परत तपासणार.

पुढच्या मंगळवारी येताना वही आणा, आणि घरी एवढं विचारून या की तुमच्या फॉर्मवर आजवर कुणाकुणाचे नंबर टाकलेत, काकांचा, शेजाऱ्यांचा, कॅफेवाल्याचा, जो असेल तो, आणि त्यातलं कुठलं सिम अजून चालू आहे.