कंटेनर गेटच्या आत, जोखीम कोणाच्या डोक्यावर?

(सोलापुरातील टॉवेल निर्यातदारांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे कुणाही टॉवेलवाल्याला विचारा, भाव कसा दिला? उत्तर ठरलेलं: "एफओबी न्हावा शेवा." वडील तसंच लिहायचे, आपणही लिहितो. आज मी या एकाच सवयीबद्दल बोलणार आहे. विकणारा आणि घेणारा यांच्यात खर्च आणि जोखीम वाटून देणारी आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे इन्कोटर्म्स. तिचे एकूण अकरा नियम आहेत, पण ते सगळे आज नकोत.

त्यातल्या एफओबीचा अर्थ असा, की माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा आणि जोखीमही त्याचीच. चढला की दोन्ही घेणाऱ्याकडे. सुती गाठी क्रेनने उचलून थेट जहाजात ठेवत असत, त्या काळाला हे शोभत होतं. आता आपण कारखान्यातच कंटेनर भरतो, सील करतो आणि चारशे किलोमीटरवर बंदराच्या गेटमध्ये सोडून परत येतो. जहाज त्यानंतर चार दिवसांनी येईल, नाहीतर दहा. या मधल्या दिवसांत माल आपल्या ताब्यात नसतो, जोखीम मात्र आपलीच असते.

आपल्याच एका कारखानदाराचं उदाहरण सांगतो, नाव राहू द्या. चाळीस फुटी कंटेनर, बेचाळीस हजार डॉलरचे टॉवेल, माल हॅम्बुर्गला. करार एफओबी, ३१ जुलैपर्यंत माल चढवायचा. १४ जुलैला कंटेनर गेटमध्ये गेला. जहाज १७ तारखेचं होतं, पण जागा नाही म्हणून शिपिंग लाइनने कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला. तो चढला २४ तारखेला. दहा दिवस यार्डात, वरून जुलैचा पाऊस.

हॅम्बुर्गला दार उघडलं तर छताकडच्या पेट्या भिजलेल्या, टॉवेलवर बुरशी. सर्व्हेयरने ओल्या कापडावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. समुद्राचं पाणी असतं तर मिठामुळे दुधाळ पांढरं झालं असतं. तसं काही झालं नाही, म्हणजे गोडं पाणी. छताला बारीक भोक सापडलं आणि वाटेतल्या नोंदी पाहता पाणी यार्डातच शिरलं, असा निष्कर्ष निघाला. घेणारा म्हणाला, नुकसान जहाजावर चढण्याआधीचं आहे, तुमचं तुम्ही बघा. नियमाने त्याचं बरोबर होतं.

आता तुम्ही म्हणाल, जहाज त्यानेच ठरवलेलं, उशीर त्याच्या लाइनचा. एफओबीत तशी सोय आहेही. घेणाऱ्याने नेमलेल्या जहाजाने माल घेतला नाही, तर ठरलेल्या तारखेपासून, किंवा मुदतीच्या आत त्याने निवडून कळवलेल्या तारखेपासून, जोखीम त्याच्यावर जाते; दोन्ही नसतील तर मुदत संपल्यावर. पण इथे करारात १७ तारीख नव्हतीच, घेणाऱ्याने ती रीतसर कळवलीही नव्हती, फक्त "३१ पर्यंत" असं होतं. मुदत संपायच्या आतच पाणी शिरलं. विम्याचंही तेच. आपल्या माणसाची पॉलिसी ट्रक बंदरात पोचेपर्यंतची, आणि घेणाऱ्याची पॉलिसी त्याची जोखीम सुरू झाल्यावर लागू होणारी. मधले दहा दिवस उघडेच.

(कारखान्यात रिकामा कंटेनर आला की आत एक माणूस उभा करा आणि दारं बंद करा. कुठूनही उजेड दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. याला पैसे लागत नाहीत.)

कंटेनरच्या मालाला योग्य नियम एफसीए. त्यात "एफसीए, अमुक टर्मिनल, न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०" असं नेमकं ठिकाण लिहायचं. तुमचा ट्रक तिथे पोचला, माल उतरवण्यासाठी तयार ठेवला आणि घेणाऱ्याच्या वाहतूकदाराच्या हवाली केला, की तुमची जोखीम संपली. निर्यातीचं कस्टम्स मात्र तुम्हीच करायचं. वरच्या उदाहरणात एवढा बदल असता, तर ते दहा दिवस घेणाऱ्याच्या खात्यात गेले असते.

मग लोक बदलत का नाहीत? एक कारण बँक. एलसीमध्ये, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रात, "ऑन बोर्ड" बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा वाहतूकदाराचा कागद, मागतात, आणि एफसीएत माल गेटवरच सोपवला जातो. म्हणून २०२० च्या आवृत्तीत सोय केली: दोघांनी तसं ठरवलं, तर माल चढल्यावर ऑन बोर्ड बिल विकणाऱ्याला द्यायला घेणाऱ्याने वाहतूकदाराला सांगायचं. पण हे करारात लिहून घ्यावं लागतं, आपोआप होत नाही.

दुसरं कारण म्हणजे गैरसमज. कस्टम्सला द्यायच्या शिपिंग बिलावर एफओबी मूल्य भरावं लागतं, ड्रॉबॅक म्हणजे कराचा परतावा त्यावर मिळतो, म्हणून करारही एफओबीचाच हवा असं वाटतं. तो कस्टम्सचा हिशोबाचा आकडा आहे. करार एफसीएचा असला तरी तो काढून भरता येतो.

आणि सीआयएफ केलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. भाडं आणि विमा हॅम्बुर्गपर्यंत तुम्ही भरता, तरी जोखीम जहाजावर चढतानाच पलटते. यार्डातले दहा दिवस तिथेही तुमचेच.

मागून प्रश्न आला: टर्मिनलचा हाताळणी खर्च एफसीएत घेणाऱ्याकडे जातो, तो तयार होईल का? भाव ठरवताना तो कुरकुरेल. तेवढे पैसे भावातून कमी करून द्या. कंटेनरमागचा तो खर्च आणि भिजलेल्या पेट्यांची रक्कम शेजारी शेजारी मांडून बघा, मग किती सोडायचं ते तुमचं तुम्हीच ठरवाल.